सहा शहरांतले सभासद आणि एक घोषणा: टेलिग्राम व स्लॅकवर संदेश शेड्यूल करताना घड्याळ कोणाचे धरावे?

प्रश्न: आमच्या मराठी मंडळाचे सभासद पुणे, दुबई, लंडन, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि सिडनी येथे विखुरलेले आहेत. मी पुण्यात राहतो आणि नोकरी आटोपल्यावर रात्री अकराच्या सुमारास टेलिग्राम ग्रुपवर घोषणा टाकतो. पुण्यातले ज्येष्ठ सभासद म्हणतात की झोपमोड होते. सकाळी सातला टाकली तर लंडनचे सभासद तेच म्हणतात. संदेश शेड्यूल करण्याची सोय आहे असे ऐकले आहे. ती नेमकी कशी वापरावी? स्वयंसेवकांसाठी आमचे वेगळे स्लॅक आहे, तिथे काय करावे? नोव्हेंबरमध्ये दिवाळीचा ऑनलाइन कार्यक्रम आहे.

उत्तर:

टेलिग्राममध्ये ही सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे आणि ती वापरायला अगदी सोपी आहे. मोबाइलवर नेहमीप्रमाणे संदेश लिहावा आणि पाठवण्याचे बटण दाबून न सोडता धरून ठेवावे. जी यादी उघडते तिच्यातील `Schedule Message` निवडून तारीख आणि वेळ ठरवावी. संगणकावर त्याच बटणावर माउसची उजवी कळ दाबली की तीच यादी मिळते. संदेश शेड्यूल झाला की लिहिण्याच्या चौकटीशेजारी एक लहान चिन्ह दिसू लागते. त्यावर गेल्यास त्या ग्रुपसाठी आपण ठेवलेले सर्व संदेश तारीखवार दिसतात. तेथे प्रत्येक संदेश दुरुस्त करता येतो, त्याची वेळ बदलता येते, तो लगेच पाठवता येतो किंवा काढून टाकता येतो. एका ग्रुपसाठी एका वेळी १०० संदेश रांगेत राहू शकतात आणि जास्तीत जास्त एक वर्ष पुढची तारीख देता येते. हा संदेश आपल्या फोनवर नव्हे, तर टेलिग्रामच्या सर्व्हरवर थांबलेला असतो. त्यामुळे ठरलेल्या वेळी आपला फोन बंद असला किंवा आपण विमानात असलात, तरी तो जातो. याची खात्री करून घ्यायची असेल, तर दोघा-तिघांच्या चाचणी ग्रुपमध्ये पाच मिनिटांनंतरचा संदेश ठेवावा आणि फोन बंद करून पाहावा.

बटण कोठे आहे हे एकदा कळले की पुन्हा विचारावे लागत नाही. आपल्यासारख्या मंडळात चूक होते ती वेळ ठरवताना, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

तारीख आणि वेळ निवडताना टेलिग्राम आपल्या फोनचे घड्याळ धरते. आपण पुण्यात बसून २०:३० निवडले, तर ते भारतीय वेळेचे साडेआठ असतात. पण सर्व्हरवर जे नोंदले जाते ते ‘पुण्यातले साडेआठ’ असे नसते. जगभर एकच असलेला एक ठरावीक क्षण तेथे नोंदला जातो आणि त्या क्षणी प्रत्येक सभासदाच्या भिंतीवरचे घड्याळ जे काही दाखवत असेल, त्या वेळी त्याचा फोन वाजतो. ‘प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेनुसार सकाळी नऊला मिळावा’ अशी सोय ग्रुपच्या संदेशांसाठी नाही. म्हणून आधी असा क्षण शोधावा लागतो, जो बहुतेक सगळ्यांना चालेल.

आपण दिलेल्या शहरांसाठी तो शोधू. एका टोकाला पुणे आणि दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया ठेवले, तर पुणेकरांना रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजण्यापूर्वी आणि कॅलिफोर्नियाच्या मंडळींना सकाळी आठ वाजल्यानंतर संदेश मिळाला पाहिजे. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना भारतीय वेळेचे २०:३० घेतले, तर दुबईत १९:००, लंडनमध्ये १६:००, न्यू जर्सीत ११:०० आणि कॅलिफोर्नियात सकाळचे ८:०० होतात. या पाचही ठिकाणी कोणाच्या झोपेत व्यत्यय येत नाही. याच्या एक तास अलीकडे आलात तर कॅलिफोर्नियात सातच वाजलेले असतात, आणि एक तास पलीकडे गेलात तर पुण्यातल्या ज्येष्ठांची तक्रार पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. जागा एवढी अरुंद आहे. म्हणूनच ‘रात्री जरा लवकर टाकू’ असा अंदाज येथे चालत नाही. वेळ मोजूनच ठेवावी लागते.

सिडनी या हिशेबात बसत नाही आणि ते ओढूनताणून बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय वेळेच्या साडेआठला तेथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांची उन्हाळी वेळ सुरू झाली की पहाटेचे दोन वाजलेले असतात. अशा सभासदांसाठी वेगळा छोटा ग्रुप करावा आणि तोच मजकूर तेथे भारतीय वेळेच्या १२:३० ला शेड्यूल करावा, म्हणजे सिडनीत संध्याकाळचे ६:०० वाजलेले असतात. मुख्य ग्रुपच्या आठ तास आधी त्यांना बातमी कळते, पण त्याने काही बिघडत नाही. मुख्य ग्रुपवरच संदेश ‘आवाजाविना’ पाठवावा, असेही काही जण सुचवतात. पाठवण्याचे बटण धरून ठेवल्यावर तोही पर्याय दिसतो, आणि रात्री-अपरात्री एखादी दुरुस्ती टाकावीच लागली तर तो अवश्य वापरावा. मात्र नेहमीच्या घोषणांसाठी मी तो वापरत नाही, कारण मग आवाज ऐकूनच फोन हातात घेणाऱ्या पुण्यातल्या आजी-आजोबांपर्यंत घोषणा वेळेत पोहोचत नाही.

आता आपला नोव्हेंबरचा कार्यक्रम घेऊ, कारण तो नेमका अडचणीच्या पंधरवड्यात येतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. समजा, आपला ऑनलाइन गाण्यांचा कार्यक्रम आदल्या दिवशी, शनिवारी ७ नोव्हेंबरला आहे आणि पहिली घोषणा शनिवारी २४ ऑक्टोबरला, दुसरी शनिवारी ३१ ऑक्टोबरला आणि शेवटची आठवण शुक्रवारी ६ नोव्हेंबरला द्यायची आहे. भारत वर्षभर एकच वेळ पाळतो आणि दुबईही तसेच करते. परंतु ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २५ तारखेला, घड्याळ एक तास मागे घेते आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे १ तारखेला. आपल्या तिन्ही घोषणा अशा रीतीने तीन वेगवेगळ्या परिस्थितींत जातात.

तिन्ही संदेश २०:३० लाच ठेवले तर काय होते ते पाहू. २४ ऑक्टोबरला लंडनमध्ये १६:००, न्यू जर्सीत ११:०० आणि कॅलिफोर्नियात ८:०० वाजलेले असतील. ३१ ऑक्टोबरला लंडनमध्ये १५:०० वाजलेले असतील, पण अमेरिकेतल्या वेळा त्याच राहतील. ६ नोव्हेंबरला न्यू जर्सीत १०:०० आणि कॅलिफोर्नियात सकाळचे ७:०० वाजलेले असतील. म्हणजे ज्या वेळेचा त्यांना त्रास होतो म्हणून आपण ती टाळली होती, तीच वेळ पुन्हा आली, आणि तीही पुण्यातल्या घड्याळाचा काटा न हलता. म्हणून ६ नोव्हेंबरची आठवण २१:३० ला ठेवावी. पुण्यात जरा उशीर होतो हे खरे, पण दिवाळीच्या दिवसांत साडेनऊला घरे जागी असतात. जानेवारीतल्या एखाद्या सामान्य घोषणेसाठी मी ही सवलत घेतली नसती आणि कॅलिफोर्नियाच्या सभासदांनाही सिडनीप्रमाणे वेगळा ग्रुप दिला असता.

याच बदलामुळे दुसरी एक चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण ती घोषणेच्या मजकुरात असते. समजा कार्यक्रम ७ नोव्हेंबरला भारतीय वेळेनुसार २१:३० ला आहे. आपण २० ऑक्टोबरच्या सुमारास मजकूर लिहायला बसलात आणि न्यू जर्सीतील मित्राला विचारले, ‘आत्ता तुमच्याकडे किती वाजले?’ आणि साडेनऊ तासांचा फरक धरून ‘न्यू जर्सी: दुपारी १२:००’ असे लिहिलेत. ७ नोव्हेंबरला मात्र फरक साडेदहा तासांचा असेल आणि कार्यक्रम तेथे सकाळी ११:०० लाच सुरू होईल. मंडळी बारा वाजता लिंक उघडतील तेव्हा एक तास उलटून गेलेला असेल. यासाठी नियम असा पाळावा की, मजकुरातल्या वेळा कार्यक्रमाच्या तारखेच्या फरकाने काढाव्यात. मजकूर लिहितो त्या दिवशीचा फरक त्यासाठी धरू नये. या कार्यक्रमासाठी बरोबर वेळा अशा होतील: पुणे २१:३०, दुबई २०:००, लंडन १६:००, न्यू जर्सी ११:००, कॅलिफोर्निया ८:००, आणि सिडनी रविवारी ८ नोव्हेंबरला पहाटे ३:००. सिडनीच्या ग्रुपमध्ये तर तीनची वेळ देण्यापेक्षा ध्वनिमुद्रण केव्हा मिळेल तेच लिहिणे बरे. शहराचे नाव, वार आणि वेळ अशी प्रत्येक ओळ पूर्ण लिहावी. भारतीय वेळेसाठी ‘आयएसटी’ असे संक्षिप्त रूप देऊ नये; आयर्लंड आणि इस्रायल येथेही तीच अक्षरे त्यांच्या वेळेसाठी वापरली जातात. ‘भारतीय वेळ’ असे सरळ लिहिले की शंका उरत नाही.

हिशेबाची खात्री करण्यासाठी मी डोक्यातल्या आकडेमोडीवर विसंबत नाही. फोनमधले जागतिक घड्याळ आजचा फरक दाखवते, म्हणून पुढच्या तारखेसाठी ते उपयोगाचे नाही. कॅलेंडरमध्ये कार्यक्रमाच्या तारखेला नोंद करावी आणि तिचे टाइम झोन एकदा न्यू यॉर्क, एकदा लंडन असे निवडून वेळ पाहावी. कॅलेंडर त्या तारखेचा फरक स्वतः धरते.

प्रवासात असताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. आमच्या एका सहकाऱ्याने न्यू जर्सीत असताना तेथील वेळेनुसार सकाळी अकराचे संदेश ठेवले होते. पुण्यात उतरल्यावर यादी उघडली तेव्हा त्याच संदेशांपुढे रात्रीचे साडेआठ दिसू लागले, कारण फोनने भारतीय वेळ घेतली होती. त्यांना वाटले की वेळा चुकल्या, म्हणून त्यांनी मोठ्या काळजीने सगळे संदेश पुन्हा अकराला नेले. त्यामुळे न्यू जर्सीकरांचे फोन रात्री दीड वाजता वाजले. संदेश ज्या क्षणासाठी ठेवला तो क्षण प्रवासाने बदलत नाही. बदलते ते फक्त आपल्या पडद्यावर दिसणारे घड्याळ. प्रवासात यादी जरूर पाहावी, पण फोन सध्या कोणत्या शहराची वेळ दाखवतो आहे याची खात्री करण्यापूर्वी एकाही वेळेला हात लावू नये. संदेश ठेवतानाच वेळांचे एक टिपण स्वतःच्या `Saved Messages` मध्ये ‘भारतीय वेळ २०:३०’ असे लिहून ठेवले, तर हा घोटाळा होत नाही.

संदेश योग्य वेळी गेल्यानंतरही एका कृतीने सगळ्यांची झोप मोडू शकते, आणि ती म्हणजे पिन करणे. टेलिग्राम ग्रुपमध्ये संदेश पिन करताना सर्व सभासदांना कळवायचे का, असा `Notify all members` हा पर्याय येतो. तो चालू राहिला तर पिन केल्याचा संदेश नव्याने सगळ्यांना जातो. मी स्वतः एकदा संध्याकाळी व्यवस्थित गेलेली घोषणा रात्री एक वाजता, ‘वर दिसत राहावी’ एवढ्याच हेतूने पिन केली होती आणि दुसऱ्या दिवशी तीन जणांची क्षमा मागितली होती. तेव्हापासून पिन करताना ती खूण मी नेहमी काढतो. याउलट, गेलेला संदेश दुरुस्त केला तर कोणाचाही फोन वाजत नाही. शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी हे चांगले आहे, पण वेळ किंवा लिंक बदलली असेल तर केवळ दुरुस्ती पुरेशी नाही. जुना मजकूर वाचून झालेल्यांना ती कळतच नाही. त्यासाठी नवा संदेश द्यावा, आणि तोही वर काढलेल्या वेळीच.

आता स्लॅक. तेथे पाठवण्याच्या बटणाशेजारी एक लहान बाण असतो. त्यावर दाबले की ‘उद्या सकाळी नऊ’ यांसारखे तयार पर्याय आणि `Custom time` दिसते. ठेवलेले संदेश `Drafts & sent` मधल्या `Scheduled` या भागात सापडतात. पुढची तारीख जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंतची देता येते, म्हणजे टेलिग्रामप्रमाणे वर्षभराची रांग येथे लावता येत नाही. वेळ धरली जाते ती आपल्या स्लॅकच्या पसंतींमध्ये नोंदलेल्या टाइम झोनची. संगणक दुसऱ्याचा असेल किंवा टाइम झोन हाताने बदलून ठेवलेले असेल, तर ती पुण्याचीच असेल असे नाही. म्हणून पहिला संदेश ठेवण्यापूर्वी `Preferences` मधील `Language & region` एकदा उघडून पाहावे.

स्लॅकमध्ये वेळ निवडण्याचा भार थोडा हलका असतो, कारण तेथे प्रत्येक सभासदाला आपल्या स्थानिक वेळेनुसार शांततेचे तास लावता येतात आणि ॲडमिनला सगळ्यांसाठी सुरुवातीचे तास ठरवून देता येतात. त्या तासांत संदेश चॅनेलमध्ये येऊन पडतो, पण फोन वाजत नाही. टेलिग्राममध्ये सभासदाने स्वतः ग्रुप म्यूट केला किंवा फोनच शांत ठेवला, तरच असे घडते. म्हणून टेलिग्रामवर जबाबदारी मुख्यतः पाठवणाऱ्याची राहते. स्लॅकवर एक गोष्ट मात्र आवर्जून टाळावी, ती म्हणजे शेड्यूल केलेल्या घोषणेत `@here` लिहिणे. संदेश पोस्ट होतो त्या क्षणी जे स्लॅकवर सक्रिय असतील, त्यांनाच `@here` सूचना देते. अनेक शहरांच्या गटात त्या क्षणी निम्मे लोक कामात किंवा प्रवासात असतात आणि त्यांना काहीच कळत नाही. घोषणा खरोखरच सगळ्यांसाठी असेल तर `@channel` लिहावे, आणि नसेल तर यांपैकी काहीच लिहू नये.

स्लॅकमध्ये शेड्यूल केलेला संदेश फक्त तो ठेवणाऱ्यालाच दिसतो. टेलिग्राम ग्रुपमध्येही इतरांना आपली रांग दिसत नाही. कार्यक्रम रद्द झाला आणि संदेश ठेवणारी व्यक्ती त्या दिवशी संपर्काबाहेर असेल, तर रद्द झालेल्या कार्यक्रमाचे आमंत्रण ठरल्या वेळी बिनचूक जाते आणि ते थांबवणे दुसऱ्या कोणाच्याही हातात नसते. मी काम करतो त्या मंडळींत यासाठी एक साधी वही आहे: कोणता संदेश, कोणाच्या खात्यावरून, कोणत्या भारतीय वेळेला, आणि तो जाईल तेव्हा उत्तरे द्यायला कोण जागे असेल. शेवटचा रकाना मी आग्रहाने ठेवायला लावला. घोषणा गेल्यावर पहिल्या तासाभरात ‘लिंक उघडत नाही’, ‘मुलांना आणता येईल का’ असे प्रश्न येतात आणि पाठवणारा झोपलेला असेल तर ते सकाळपर्यंत तसेच पडून राहतात. आपल्याकडे २०:३० ला आपण स्वतः घरी पोहोचलेले नसाल, तर दुबईच्या एखाद्या सभासदाला ॲडमिन करून त्यांच्यावर ते एक-दोन तास सोपवावेत. तेथे सातच वाजलेले असतात.

दिवाळीच्या घोषणांसाठी आपण असे करावे. तिन्ही संदेश एकाच बैठकीत लिहून ठेवावेत, पण कार्यक्रमाची लिंक शेवटच्या संदेशातच घालावी, म्हणजे लिंक बदलली तर एकच संदेश दुरुस्त करावा लागेल. सिडनीच्या ग्रुपचे संदेश त्याच बैठकीत, पण भारतीय वेळेच्या १२:३० साठी आणि कार्यक्रमाच्या वेळेऐवजी ध्वनिमुद्रणाचा उल्लेख करून ठेवावेत. नंतर रविवारी १ नोव्हेंबरला संध्याकाळी, अमेरिकेतली घड्याळे मागे गेल्यावर, दोन्ही ग्रुपांच्या याद्या पुन्हा उघडाव्यात आणि न्यू जर्सीतील एका सभासदाला फोनवर ६ तारखेच्या आठवणीचा मजकूर वाचून दाखवावा. त्यांच्याकडचे ११:०० आणि आपल्या संदेशातले ११:०० जुळले, की मग त्या संदेशांना हात लावण्याचे कारण उरत नाही.